खर्ची वेगळी, उचल वेगळी

साइटची हजेरीवही आता तुझ्या हातात आली आहे, तर आमच्या थोरल्या मुकादमांनी मला जे सांगितलं तेच तुला सांगतो. रोजंदारीचा हिशोब बेरजेत चुकत नाही, तो रकान्यात चुकतो. रोज, अंगावरचं काम, खर्ची आणि उचल हे चारही पैसे एकाच माणसाचे असले तरी त्यांना एका रकान्यात कोंबलंस की शनिवारी संध्याकाळी भांडण ठरलेलं.

आधी हजेरी. ती दिवसातून दोनदा भरायची. सकाळी माणूस कामाला लागला की त्याच्या नावापुढं एक तिरकी रेघ मार, जेवणानंतर परत लागला की तिच्यावर उलटी रेघ मारून फुली कर. एकच रेघ राहिली तर अर्धा रोज. रेघ कुठल्या बाजूला झुकली आहे यावरून तो सकाळी होता की दुपारी, हेही आठवड्यानं कळतं. जो आलाच नाही त्याच्यापुढं ‘खा’ लिही, म्हणजे खाडा. घर कोरं सोडू नकोस. कोऱ्या घरात नंतर कुणीही काहीही भरू शकतो, आणि तूही विसरतोस.

अर्ध्या रोजाचं मात्र नीट समजून घे, कारण सगळ्यात जास्त अन्याय तिथं होतो. माणूस स्वतःच्या कामासाठी जेवणानंतर गेला, तर अर्धा रोज. पण सिमेंटची गाडी आली नाही किंवा मिक्सर बंद पडला म्हणून दुपारनंतर गडी बसून राहिले, तर तो अर्धा दिवस त्यांचा नाही, आपला. माणूस कामाला तयार होता आणि काम आपण देऊ शकलो नाही, तर किमान वेतनाच्या कायद्याप्रमाणेही त्याला पूर्ण दिवसाची मजुरी द्यावी लागते. मालक म्हणेल अर्धा लाव. तू पूर्ण फुली कर आणि शेऱ्यात ‘माल नाही’ लिही. मग मालकालाही कळतं की माल वेळेवर न आणण्याची किंमत काय पडते. आणि बाई बिगारी असो की बाप्या, काम तेच असेल तर रोजही तोच.

आता अंगावरचं काम. प्लास्टर, वीटकाम, टाइल बसवणं हे पुष्कळदा फुटावर किंवा ब्रासवर देतात. भाव ठरवतानाच ठरवून टाक की दारं-खिडक्यांची वजावट करायची की नाही, आणि कडा वेगळ्या मोजायच्या की नाही. काम झाल्यावर हे बोलायला गेलास की टेप धरायलाच कुणी येत नाही. माप गड्यांच्या समोर घे, एक टोक त्यांच्यातल्याच कुणाला धरायला लाव, आणि तिथंच वहीत उतरव.

एक चाल पुष्कळ ठिकाणी दिसते. अंगावर काम चाललं की त्या दिवसांची हजेरीच लिहीत नाहीत, कारण पैसे फुटावर जाणार. तसं करू नकोस. त्या दिवशी फुलीच्या जागी ‘अं’ लिही. त्याचा रोज धरायचा नाही, पण माणूस कामावर होता हे वहीत दिसलं पाहिजे. बांधकाम कामगार म्हणून मंडळात नोंदणी करायला मागच्या वर्षातलं 90 दिवसांचं काम दाखवावं लागतं, आणि तो दाखला तुझ्या वहीवरूनच निघणार.

आता एका आठवड्याचा हिशोब करून दाखवतो. दोन गवंडी, रोज 900. दोन बिगारी, रोज 600. बुधवार-गुरुवार चौघांनी मिळून आतलं प्लास्टर अंगावर घेतलं, भाव फुटाला 18 रुपये. माप भरलं 380 चौरस फूट, म्हणजे 6,840 रुपये. एक बिगारी गुरुवारी जेवणानंतर गेला, त्याचे दीड दिवस धरले. हे पैसे समान वाटले तर गवंडी नाराज, आणि गवंड्यांनी आपसात वाटले तर बिगारी नागवला जातो. म्हणून ते रोजाच्या प्रमाणात वाटायचे. दोन्ही गवंड्यांचा दोन दिवसांचा रोज 3,600, एका बिगाऱ्याचा 1,200, दुसऱ्याचा 900, सगळे मिळून 5,700. मिळाले 6,840. म्हणजे ज्याचा जिथं एक रुपया होता, तिथं एक रुपया वीस पैसे. गवंड्याला 2,160, पूर्ण दोन दिवस भरलेल्या बिगाऱ्याला 1,440, दीड दिवसवाल्याला 1,080. हा भागाकार प्रत्येक वेळी करून बघ. उत्तर एकाच्या खाली आलं, तर गडी रोजावर असते तर त्यांनी जास्त कमावलं असतं. मग एकतर भाव चुकला किंवा काम अडलं. अंगावरचं काम असलं तरी किमान वेतनाच्या खाली कुणाला देता येत नाही, तेव्हा फरक भरून काढ आणि पुढचा भाव सुधार.

त्यातल्या एका गवंड्याचा पट बघ. शनिवार, सोमवार आणि शुक्रवार पूर्ण, मंगळवारी तो रेशनच्या कामाला गेला म्हणून अर्धा. साडेतीन रोजांचे 3,150, वर प्लास्टरचे 2,160, एकूण 5,310. मंगळवारी त्यानं 500 रुपये खर्ची घेतली होती. आणि मुलाच्या शाळेसाठी घेतलेल्या उचलीचे 6,000 बाकी होते.

खर्ची म्हणजे आठवड्याच्या मधे किराण्याला, प्रवासाला दिलेले पैसे. ते त्याच आठवड्यात पूर्ण वळते करायचे, पुढं न्यायचे नाहीत. उचल म्हणजे मोठी रक्कम, ती हप्त्यानं फेडायची, आणि हप्ता उचल देतानाच ठरवायचा. या गवंड्याचा हप्ता 1,000 ठरला होता. म्हणून 5,310 मधून 500 खर्ची आणि 1,000 हप्ता जाऊन हातात 3,810, उचल बाकी 5,000. दोन्ही एकाच ‘अॅडव्हान्स’ रकान्यात लिहिल्या असत्या, तर 6,500 दिसले असते आणि कुणीतरी म्हटलं असतं, या आठवड्याला तुला काही निघत नाही. माणूस आठवडाभर राबून मोकळ्या हातानं बाजाराला जातो तो असा. कपात एकूण मजुरीच्या निम्म्यावर जाऊ नये, ही कायद्याचीही मर्यादा आहे. खाडे जास्त झालेल्या आठवड्यात हप्ता कमी कर किंवा पुढं ढकल. आणि उचल बाकी आहे म्हणून कुणाला गावी जायला अडवू नकोस. कर्जापायी माणूस बांधून ठेवणं 1976 च्या कायद्यानं गुन्हा आहे.

हल्ली खर्ची फोनवरून जाते, कधी बायकोच्या नंबरवर, कधी भावाच्या. पाठवलीस की त्याच संध्याकाळी वहीत चढव, कुणाच्या नंबरवर गेली तेही लिही. उचल दिलीस तर रक्कम आकड्यात आणि अक्षरात, तारीख, आणि सही नाहीतर अंगठा.

आठवडा शनिवारी सुरू कर आणि शुक्रवारी संध्याकाळी बंद कर. म्हणजे शनिवारी दुपारपर्यंत मापं आणि बेरजा तपासायला वेळ मिळतो आणि सुट्टीच्या आधी, उजेड असताना वाटप होतं. शनिवारची हजेरी पुढच्या आठवड्यात जाते, हे नव्या गड्याला पहिल्याच दिवशी सांग, नाहीतर त्याला वाटेल एक रोज खाल्ला. पैसे देण्याआधी प्रत्येकाला त्याची ओळ वाचून दाखव आणि त्याच्या छोट्या डायरीत ते चारही आकडे तुझ्या हातानं लिहून दे. त्याची डायरी आणि तुझी वही जुळली नाही, तर त्या दिवशी त्याचा आकडा धर, पैसे देऊन टाक, आणि सोमवारी दोघं बसून चूक शोधा.