ऑपरेशनच्या आधी नाकाचा स्वॅब

गुडघ्याचा सांधा बदलून घ्यायला विदर्भातूनच नव्हे, तर बालाघाट-छिंदवाड्याकडूनही लोक नागपूरला येतात. त्यांना माझं आग्रहाचं सांगणं आहे की, तारीख ठरताच एमआरएसएसाठी नाकाचा स्वॅब कधी घेणार, हे डॉक्टरांना विचारा. भरतीच्या दिवशी घेतलेला स्वॅब उशिराचा ठरतो, तो दोन आठवडे आधी हवा. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या नागपुरातल्या एका अभ्यासात रुग्णांच्या नमुन्यांतल्या २३० स्टॅफिलोकोकस ऑरियस जंतूंपैकी ४५ मेथिसिलिनला दाद देत नव्हते, म्हणजेच एमआरएसए होते. मेथिसिलिनसारखी पेनिसिलिन गटाची औषधं जंतूची भिंत बांधणाऱ्या प्रथिनाला चिकटून बांधकाम थांबवतात. एमआरएसएकडे ‘मेक-ए’ हे जनुक असतं. दुसऱ्या जातीच्या स्टॅफिलोकोकसकडून आलेलं हे जनुक असं वेगळं प्रथिन बनवतं, की त्याला ही औषधं नीट चिकटतच नाहीत. औषध हे जनुक निर्माण करत नाही, ते आजूबाजूचे साधे जंतू मारतं आणि एमआरएसएला जागा मोकळी करून देतं. म्हणून विषाणूंमुळे झालेल्या सर्दीवर घेतलेली अँटिबायोटिकं मला घातक वाटतात.

‘मला काहीच त्रास नाही, मग तपासणी कशाला?’ असं विचारलं जातं. पण हा जंतू नाकात बिनबोभाट राहतो आणि ऑपरेशनच्या वेळी जखमेत शिरू शकतो. कृत्रिम सांध्यावर त्याचा थर बसला की तो काढणं फार अवघड होतं. तपासणी सोपी आहे. एकच काडी दोन्ही नाकपुड्यांत फिरवतात, शक्यतो जांघेतलाही नमुना घेतात आणि हे नमुने रंग दाखवणाऱ्या माध्यमावर साधारण एक दिवस वाढवतात. पुढे सेफॉक्सिटिनची चकती लावतात, कारण पुष्कळ पेशींत ‘मेक-ए’ निपचित असतं आणि हे औषध त्याला जागं करतं. चकतीभोवतीचं मोकळं वर्तुळ २१ मिलिमीटर किंवा त्याहून लहान भरलं, तर तो एमआरएसए.

दुसरा आक्षेप वजनदार आहे: तपासण्यापेक्षा सगळ्यांनाच नाकात मुपिरोसिनचं मलम का लावू नये? अतिदक्षता विभागापुरता तो मला मान्य आहे, २०१३च्या एका मोठ्या अमेरिकी चाचणीत सरसकट उपचारच सरस ठरला. पण ठरवून केलेल्या ऑपरेशनांत सर्वांना मुपिरोसिन दिलं, तर त्यालाही न जुमानणारे जंतू वाढतील. स्वॅब पॉझिटिव्ह आला म्हणजे आजार झाला असं नाही, त्यासाठी गोळ्या घेऊ नका. पाच दिवस नाकात मुपिरोसिन, रोज क्लोरहेक्सिडिनने अंघोळ आणि लगेच पुढे ऑपरेशन, हा क्रम ठेवा, कारण महिन्याभराने जंतू परतू शकतो. भूल देणाऱ्यांनाही अहवाल दाखवा. स्वॅब पॉझिटिव्ह असेल तर व्हॅन्कोमायसिन द्यावं लागतं आणि ते सावकाश चढवायचं असल्याने तास-दोन तास आधी सुरू करतात. नुसतं नाक तपासलं तर घशात किंवा जांघेत जंतू असलेले काही जण निसटतात, तेव्हा आधी कधी एमआरएसए निघाला असेल, तर आताचा स्वॅब निगेटिव्ह असला तरी ते आवर्जून सांगा.