परीक्षेच्या दिवशीच पोट का दुखतं?



"सर, पोटात लई दुखतंय." घटक चाचणीच्या सकाळी आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या शाळांत हे वाक्य हमखास कानावर येतं. समजा, पाचवीतली एक मुलगी आहे. गणिताचा पेपर असला की बेंबीभोवती दुखतं. घरी ठेवलं की दुपारपर्यंत ती अंगणात खेळायला लागते. मग घरचे म्हणतात, "नाटक करतीय." पण तिची कळ खरी असते.

असं का होतं? आपल्या आतड्याच्या भिंतीत मज्जापेशींचं स्वतंत्र जाळं असतं. व्हेगस नावाच्या मज्जातंतूतून ते मेंदूशी सतत बोलत असतं. भीती वाटली की मेंदू ताणाची संप्रेरकं सोडतो, त्यामुळे आतड्याची हालचाल बदलते. काही मुलांच्या मज्जातंतू जास्त संवेदनशील असतात. इतरांना जाणवतही नाही एवढा गॅसचा ताण त्यांना कळ म्हणून जाणवतो. तपासणीत आतड्यात बिघाड सापडत नाही, तरी दुखतं. याला 'कार्यात्मक पोटदुखी' म्हणतात.

इंग्लंडमधले बालरोगतज्ज्ञ जॉन अ‍ॅप्ले यांनी 1958 साली ब्रिस्टल भागातल्या 1000 शाळकरी मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. साधारण दहातल्या एका मुलाचं पोट वारंवार दुखत होतं, आणि त्यातल्या फारच थोड्यांना शारीरिक आजार सापडला. त्यांचं एक निरीक्षण लक्षात ठेवा: दुखणं बेंबीपासून जितकं दूर, तितकी आजाराची शंका जास्त.

म्हणून आधी खात्री करा. दुखण्यामुळे रात्री झोपमोड होणं, उजवीकडे खाली दुखणं, वजन घटणं, ताप, वारंवार उलट्या, शौचात रक्त किंवा लघवीला जळजळ, यांपैकी काहीही असेल तर लगेच डॉक्टरांकडे न्या. एरवीही वारंवार दुखत असेल तर एकदा दाखवाच. शाळेतलं स्वच्छतागृह नको म्हणून दाबून धरणाऱ्या मुलांना बद्धकोष्ठतेनंही दुखतं, तेही विचारा.

आता त्या मुलीचं बघू. डॉक्टरांनी तपासून काळजीचं काही नाही असं सांगितलं. आईनं दोन आठवडे वहीत लिहिलं: वार, वेळ, त्या दिवशी शाळेत काय होतं. दुखणं गणिताच्या दिवशीच येत होतं. हळूच विचारल्यावर कळलं, भागाकार चुकला की फळ्यासमोर उभं करतील याची तिला भीती होती.

तिला घरी ठेवलं असतं, तर भीती टळते आणि पुढच्या वेळी पोट आणखी लवकर दुखतं. म्हणून सरांनी ठरवलं: दुखलं तर दहा मिनिटं बसायचं, पोट फुगवत सावकाश श्वास घ्यायचा, मग वर्गात यायचं. फळ्यावर बोलावणं थांबवलं, भागाकार शेजारी बसून शिकवला. घरी "दुखतंय का?" असं सारखं विचारणं बंद केलं, कारण त्यानं लक्ष पोटाकडेच जातं.

दुखणं एका दिवसात गेलं नाही, पण शाळा बुडणं थांबलं. तुमच्या वर्गात कुणाचं पोट दुखत असेल, तर आधी वार लिहून ठेवा.