कोरड्या बोअरवर मोटर आपोआप बंद कशी करावी?

प्रश्न : टाकी भरली की आणि बोअर आटला की मोटर आपोआप बंद व्हावी. काय करावे? – एक वाचक, कळंब (जि. धाराशिव)

उत्तर : टाकीत फ्लोट स्विच टाका; त्याने मोटरची तार नव्हे, काँटॅक्टरची कॉइल तोडा. बोअरसाठी करंट मोजणारा सर्किट हवा, कारण पाणी संपले की मोटरचा भार उतरतो आणि अँपिअर घटतात. समजा, क्लॅम्प मीटरवर पाणी असताना ७ आणि कोरडी असताना ४.५ दिसले, तर ५.७ ला ट्रिप ठेवा. दहा सेकंदांनीच तोडा, पुन्हा सुरू अर्ध्या तासाने. रात्री व्होल्टेज चढले की कोरड्या मोटरचेही अँपिअर वाढतात. म्हणून कोरडे माप तेव्हाच, काही सेकंदांत घ्या. दिवसाच्या मापावर विसंबलात तर मोटर कोरडीच फिरत राहील.