गोळ्यांचा महिन्याचा खर्च कसा आवरावा?

प्रश्न : आईला मधुमेह आणि रक्तदाब आहे. मी घरकाम करते. महिनाअखेरीस पैसे संपले की तिच्या गोळ्या चार-पाच दिवस चुकतात. काय करू?

उत्तर : ताई, आधी डॉक्टरांकडून चिठ्ठीवर कंपनीच्या नावाऐवजी औषधाचं मूळ नाव लिहून घ्या. समजा, मेटफॉर्मिन ५०० एसआर दिवसातून दोनदा आणि टेल्मिसार्टन ४० एकदा आहे. म्हणजे महिन्याला ६० आणि ३० गोळ्या. दहाच्या पाकिटांत सहा आणि तीन. ही चिठ्ठी घेऊन जनऔषधी केंद्रात जा. तिथे याच गोळ्या बहुधा निम्म्याहून कमी किमतीत मिळतात. पाकिटावर नाव, मिलिग्रॅम आणि ‘एसआर’ हे तिन्ही जुळवून पाहा. एसआर गोळी हळूहळू विरघळते, म्हणून तिच्याऐवजी साधी मेटफॉर्मिन परस्पर घेऊ नका.

या केंद्रांत माल कधीकधी संपतो. म्हणून पगार झाला की लगेच, घरात दहा दिवसांच्या गोळ्या शिल्लक असतानाच पुढची खरेदी करा. वाचलेल्या पैशांतून दर महिन्याला एकेक पाकीट जास्तीचं घेतलंत, तर हळूहळू महिन्याचा साठा तयार होईल. त्याहून जास्त साठवू नका, डोस बदलला तर पैसे वाया जातात. नुकताच बदलला असेल, तर साठा करायला पुढच्या तपासणीपर्यंत थांबाच. मुदतीची तारीख बघा, जुनं पाकीट आधी संपवा. टेल्मिसार्टनला दमट हवा सोसत नाही. गोळ्या सोलून डबीत भरू नका.