प्रबंध जमा करताना : कोणत्या चौकटीत खूण करावी?

प्रश्न : माझा पीएच.डी.चा व्हायवा नुकताच झाला. विषय कर्जत-खालापूरमधल्या कातकरी वाड्यांची गाणी आणि वीटभट्ट्यांवरचं स्थलांतर. ग्रंथालयाने एक संमतीपत्र हातात दिलं आहे. प्रबंध ‘शोधगंगा’वर कधी खुला करायचा, त्यावर खूण करून सही द्यायची आहे. मला यातून पुस्तक करायचं आहे. सही केली की कॉपीराइट विद्यापीठाकडे जातो का? आणि खबरदारी म्हणून तीन वर्षांचा एम्बार्गो घेऊन ठेवू का?
– एक वाचक, खोपोली

उत्तर : कॉपीराइट तुमच्याकडेच राहतो. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखनाचा पहिला मालक लेखक असतो, आणि तो हक्क दुसऱ्याच्या नावे करायचा तर तसं लेखी, सहीनिशी द्यावं लागतं. शोधगंगेच्या नमुना संमतीपत्रात तुम्ही देता तो फक्त परवाना. प्रबंध जतन करायला आणि दाखवायला विद्यापीठाला मोकळीक मिळते, बाकीचे हक्क लेखकाकडे राहतात, आणि त्यातला मजकूर पुढे लेखांत किंवा पुस्तकात वापरायची मुभाही तिथेच लिहिलेली असते. काही विद्यापीठांनी हा नमुना आपल्या सोयीने बदलून घेतला आहे. म्हणून सही करण्याआधी एकच गोष्ट तपासा : परवाना ‘नॉन-एक्स्क्लुझिव्ह’ आहे असं लिहिलंय ना? तो शब्द नसेल तर ग्रंथपालांना विचारल्याशिवाय सही करू नका.

प्रबंध जमा करायचा की नाही, हा पर्याय मात्र तुमच्याकडे नाही. यूजीसीने २००९च्या नियमावलीपासून इलेक्ट्रॉनिक प्रत बंधनकारक केली. २०२२च्या नियमावलीप्रमाणे मूल्यमापन पूर्ण झाल्यावर, पदवी जाहीर होण्याआधी, ती प्रत गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राकडे जायला हवी. तुमच्या हाती आहे ते एवढंच, की लोकांना काय आणि केव्हा दिसावं.

नमुन्यात साधारण चार वाटा असतात. पहिली, संपूर्ण प्रबंध लगेच सगळ्या जगाला खुला. दुसरी, एक, दोन किंवा तीन वर्षं फक्त आपल्या विद्यापीठात, मग सगळ्यांना. तिसरी, बाहेरच्यांना फक्त तपशील आणि सारांश, किंवा त्यांच्या जोडीला तुम्ही निवडलेली प्रकरणं. चौथी, वाचता येईल पण डाउनलोड करता येणार नाही.

पुस्तकाच्या भीतीने सगळा प्रबंध तीन वर्षं बंद ठेवणं मला पटत नाही. पुस्तक प्रबंधाचं पुनर्लेखन असतं. संदर्भांचा डोलारा उतरतो, सर्वेक्षणाची पद्धत सांगणारं प्रकरण गळतं, गाण्यांना जागा मिळते. शिवाय शोधगंगेवरचं साहित्य क्रिएटिव्ह कॉमन्सच्या CC BY-NC-SA 4.0 परवान्याखाली आहे. म्हणजे तुमचं नाव देऊन कोणी ते बिगरव्यापारी कामासाठी वापरू शकतो, पण छापून विकू शकत नाही. तुमच्यासाठी तिसरी वाट योग्य वाटते : प्रस्तावना, पूर्वाभ्यास आणि स्थलांतराचं प्रकरण खुलं, गाण्यांची प्रकरणं तूर्त विद्यापीठापुरती. त्यांना दोन वर्षांची मुदत मागा आणि ती तारीख ग्रंथालयाकडून लेखी घ्या. पुढे प्रकाशकाशी करार करताना प्रबंध शोधगंगेवर आहे हे आधीच सांगा, कारण दिलेला परवाना नंतरच्या कराराने मागे घेता येत नाही.

एक बारीक गोष्ट. शोधगंगेवर प्रबंध एका फाइलीत जात नाही, तुकड्यांत जातो. पहिली फाइल `01_title.pdf`, मग प्राथमिक पानं, अनुक्रमणिका, सारांश, एकेक प्रकरण, आणि शेवटी `80_recommendation.pdf`. या शेवटच्या फाइलीत मुखपृष्ठाबरोबर समारोपाचं प्रकरण पुन्हा जोडलेलं असतं. निष्कर्ष बंद ठेवायचे असतील तर ही फाइलही बंद ठेवा असं स्पष्ट सांगायला हवं, नाहीतर समोरचं दार लावून मागचं उघडं राहतं.

आता तुम्ही विचारलेलं नाही, पण मला जास्त काळजी वाटते ते. तुमच्या परिशिष्टात मुलाखती असतील. पावसाळा संपल्यावर भट्टीवर जाताना कुणी किती उचल घेतली, किती फिटली, मालक काय बोलला. तिथे बाईचं नाव, वाडीचं नाव आणि रकमेचा आकडा एकाच ओळीत असेल, तर एम्बार्गो तिला वाचवत नाही. तो फक्त तारीख पुढे ढकलतो. मुदत संपली की ती ओळ तिच्या मुकादमाच्या फोनवर दिसू शकते, आणि त्याच माणसाकडून तिला पुढच्या हंगामाची उचल घ्यायची असते. अंतिम प्रत अजून गेली नसेल तर आजच मार्गदर्शकांशी बोला. नावांच्या जागी क्रमांक घाला आणि वाडीऐवजी ‘खालापूर तालुक्यातली एक वाडी’ म्हणा. व्हायवानंतरची दुरुस्ती म्हणून हे करता येईल का, हे विद्यापीठाच्या परीक्षा विभागाला विचारा. येत नसेल, तर निदान मुलाखतींचं परिशिष्ट खुल्या फाइलींतून कायमचं बाहेर ठेवायची लेखी विनंती करा.

गाण्यांचा प्रश्न निराळा. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या गाण्याचा एक लेखक दाखवता येत नाही, म्हणून त्यातल्या ओळी लिहून काढायला कुणा एकाची परवानगी कायदा मागत नाही. पण तुम्ही आवाजाच्या फाइली जोडल्या असतील, तर गाणाऱ्या बाईला कलावंत म्हणून हक्क आहे, आणि तो सादरीकरणानंतर पन्नास वर्षं टिकतो. रेकॉर्डिंगच्या वेळी घेतलेली संमती अभ्यासापुरती होती की ‘इंटरनेटवर सगळे ऐकतील’ असं सांगून घेतली होती? दुसरं सांगितलं नसेल तर पुन्हा वाडीवर जाऊन विचारणं आलं. फोटोचा हक्क तो काढणाऱ्याचा. मित्राने काढलेले असतील तर त्याचं चार ओळींचं पत्र संमतीपत्राला जोडा. याआधी छापलेला लेख प्रकरण म्हणून आला असेल, तर त्या नियतकालिकाला तुम्ही काय लिहून दिलं होतं तेही शोधा, कारण तिथे हक्क दिले असतील तर परवानगी त्यांच्याकडूनच घ्यावी लागेल.

जमा करण्याआधी PDF मधला एखादा मराठी परिच्छेद निवडून नोटपॅडमध्ये चिकटवून पाहा. रोमन अक्षरं नि चिन्हांचा गोंधळ दिसला तर प्रबंध जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये आहे आणि ‘कातकरी’ शोधणाऱ्याला त्याचा मजकूर कधीच सापडणार नाही. मजकूर युनिकोडमध्ये बदलून PDF नव्याने काढा. चिकटवलेल्या मजकुरात फक्त एखादी वेलांटी इकडेतिकडे झाली असेल तर चालेल.

पुरवणी प्रश्न : माझ्या भावाचं रसायनशास्त्रातलं संशोधन आहे, त्याला पेटंट घ्यायचं आहे. त्यालाही हेच लागू का?

उत्तर : नाही, त्याने वेगळं वागायला हवं. आपल्याकडे पेटंटसाठी शोध अर्जाच्या तारखेपर्यंत प्रसिद्ध झालेला नसावा लागतो. संशोधकाने स्वतःच प्रसिद्ध केला तरी तो जुना ठरतो. बारा महिन्यांची सवलत आहे, पण ती विद्वत्सभेत वाचलेला निबंध किंवा सरकारने अधिसूचित केलेलं प्रदर्शन अशा मोजक्या प्रसंगांपुरती. ‘फक्त विद्यापीठात’ ही खूणही पुरेशी समजू नये, कारण ग्रंथालयात येणारा वाचक प्रबंध वाचू शकतो. सारांश तर बहुतेक वेळा दिसतोच, आणि प्रक्रियेचं मर्म तिथेच असतं. व्हायवाही खुला असतो. म्हणून पेटंटचा अर्ज, निदान तात्पुरत्या तपशिलाचा, व्हायवाच्या आधी दाखल व्हायला हवा. त्याची पोच मिळाल्यावर एम्बार्गोच्या चौकटीत काय लिहायचं ते ठरवावं.