हिमालयाचे सोळा ‘य’

चि. सोनूस,


तुझी वही परवा पोस्टाने मिळाली. कुमारसंभवाचा पहिला सर्ग तू मनापासून वाचते आहेस, हे समासांच्या विग्रहांवरूनच कळलं. अडतेस ती एकाच जागी. यः, यस्य, यत्र असं काही आलं की त्याच्या शेजारचं नाम उचलून तू त्याला जोडून देतेस. कधी जुळतं, कधी अर्थ वाकडा होतो आणि मग तू समासावर संशय घेतेस. समास तू बरोबर सोडवले आहेस. चूक ‘य’ची आहे, म्हणून आज फक्त त्याच्याबद्दल लिहिते.

आधी आपल्या मराठीत बघ. ‘ज्याने हाक मारली, त्याला पाणी दे.’ ज्याने तृतीयेत आहे, त्याला चतुर्थीत. माणूस एकच. हाक मारणारा म्हणून तो पहिल्या वाक्यात कर्ता, आणि दुसऱ्या वाक्यात पाणी त्याला द्यायचं. संस्कृतात हेच चालतं. ‘यद्’ आपलं लिंग आणि वचन ज्या नामाबद्दल बोलतो त्याच्याकडून घेतो, पण विभक्ती स्वतःच्या वाक्यातल्या कामाप्रमाणे. हे तुला पाठ आहे, पण श्लोक वाचताना तू ते उलटं वापरतेस: आधी नाम शोधतेस, मग काम. आधी काम विचारावं. या ‘य’चं क्रियापद कोणतं, आणि त्या क्रियेत हा कोण? कर्ता, कर्म, मालक की जागा? ते ठरलं की मगच त्याचं नाम शोधायला निघावं.

आता तुझा सर्ग घे. पहिल्या श्लोकात हिमालयाचं नाव येतं. दुसऱ्यापासून सतराव्यापर्यंत सोळा श्लोक आहेत, आणि या प्रत्येकात ‘यद्’चं एक रूप आहे. मी पुन्हा मोजून पाहिलं. यम् एकदा, यः तीनदा, यस्य पाचदा, यस्मिन् एकदा, यत्र पाचदा, आणि एक ‘यद्’ समासात दडलेला. सोळाही जण त्या एकाच नामाकडे बोट दाखवतात. दुसऱ्या श्लोकात सगळ्या पर्वतांनी पृथ्वीरूपी गाईचं दोहन करताना हिमालयाला वासरू केलं, म्हणून तो कर्म, म्हणून यम्. चौथ्यात तो स्वतः शिखरांवर धातू धारण करतो, म्हणून यः. तेराव्यात चवऱ्या ढाळणाऱ्या चमरी त्याचं ‘गिरिराज’ हे नाव सार्थ करतात. नाव त्याचं, म्हणून यस्य. विभक्ती बदलत राहते, पर्वत तोच. एखाद्या मूर्तीभोवती प्रदक्षिणा घालताना दर पावलाला तिची वेगळी बाजू दिसावी, तसं हे वर्णन आहे.

तू घसरलीस ते सहाव्या आणि बाराव्या श्लोकात. सहावा श्लोक पदम्, म्हणजे पाऊलखूण, या शब्दाने सुरू होतो आणि पुढे यस्मिन् येतं. तू लिहिलंस, ‘ज्या पाऊलखुणेत’. व्याकरणाने हे चुकीचं म्हणता येत नाही, हीच इथली अडचण. यस्मिन् पुल्लिंगातही तेच आणि नपुंसकातही तेच, त्यामुळे रूप बघून काही निकाल लागत नाही. पण पदम्‌ला त्या वाक्यात स्वतःचं काम आहे: ते ‘न पाहता’ या क्रियेचं कर्म आहे, द्वितीयेत आहे. वितळलेल्या बर्फाने रक्त धुऊन गेलं, पाऊलखूण दिसली नाही, तरी सिंहांच्या नखांतून गळलेल्या मोत्यांवरून किरातांना त्यांची वाट कळते. कुठे कळते? ‘यस्मिन्’, त्या पर्वतावर. ‘ज्या पाऊलखुणेत वाट कळते’ असा अर्थ घेतलास तर न दिसलेल्या पाऊलखुणेत वाट शोधायची वेळ येते. शिवाय ती पाऊलखूण पुढे कोणत्याही ‘तत्’ने उचललेली नाही.

बाराव्यात दिवाकरात् आहे आणि जवळच यः आहे. तू ‘जो सूर्य रक्षण करतो’ असं केलंस. सूर्य पुल्लिंगी एकवचनी, यःसुद्धा पुल्लिंगी एकवचनी, म्हणून तुला ते पटलं. पण दिवाकरात् पंचमी आहे. एक अपवाद लक्षात ठेव: नाम कधी कधी ‘य’च्याच वाक्यात बसतं, मात्र तेव्हा ते ‘य’च्याच विभक्तीत असतं. ‘यः शैलः’ असं. विभक्ती वेगळी असली तर ते नाम त्या वाक्यातलं दुसरंच पात्र आहे. इथे सूर्य हा ज्याच्यापासून रक्षण करायचं तो. गुहांत लपलेल्या अंधाराला त्याच्यापासून वाचवतो, तो यः, म्हणजे पुन्हा हिमालय.

पंधराव्यातला दडलेला ‘यद्’ तू ‘कारण की’ असा घेतलास. ‘यद्वायुः’ हा एक शब्द आहे. वायु पुल्लिंगी, त्याच्याशी जुळायला यः हवं होतं; ‘यत्’ दिसलं म्हणजे एकतर ते अव्यय, नाहीतर समास. अव्यय धरलं तर किरात सेवन करतात तो गंगेच्या तुषारांचा वारा कोणाचा, हे सांगणारं काहीच उरत नाही, आणि साखळीतली एक कडी तुटते. म्हणून ‘ज्याचा वारा’, षष्ठीचा समास. आजूबाजूच्या पंधरा श्लोकांत ‘य’ आहे, तर इथेही असलाच पाहिजे, हा पुरावा मला व्याकरणाइतकाच मोलाचा वाटतो.

तू वहीच्या समासात लिहिलेला प्रश्न मात्र फार चांगला आहे: ‘इतक्या यद्‌ना तद् कुठे?’ यद् आणि तद् यांचा संबंध नित्य मानतात, आणि तू प्रत्येक श्लोकात सः शोधत बसलीस. मम्मटाने काव्यप्रकाशाच्या सातव्या उल्लासात याचा विचार केला आहे. यद् आधीच्या वाक्यात आला तर पुढे तद् यावाच लागतो, नाहीतर वाक्य लोंबकळतं. पण नाम आधी येऊन गेलं आणि यद् नंतरच्या वाक्यात आला, तर तद् सामर्थ्यानेच कळतो, वेगळा लिहावा लागत नाही. हिमालय पहिल्या श्लोकात येऊन गेला आहे. म्हणून तुझा प्रत्येक श्लोक सःविना पुरा आहे. आणि तरीही अठराव्या श्लोकाच्या अगदी आरंभी कालिदासाने ‘स’ ठेवला आहे. तिथे वर्णन संपतं आणि कथा सुरू होते: तो मेनेशी विवाह करतो. ज्याला वासरू केलं, ज्याच्या गुहेत अंधार लपतो, ज्याचा वारा किरात सेवितात, ‘तो’. त्या एका अक्षरापर्यंत पोचशील तेव्हा मागचे सोळाही ‘य’ मनात ताजे असू देत. मी तो श्लोक शिकवताना सः म्हटल्यावर जरा थांबत असे.

आता सतरावा श्लोक तू पुन्हा लिहून पाठव. त्यात यस्य एकदाच आहे. यज्ञाच्या साहित्याचं उत्पत्तिस्थान असणं, पृथ्वी पेलण्याचं बळ आणि पर्वतांचं आधिपत्य, अशा तीन गोष्टी त्यात आहेत. त्यातल्या कोणकोणत्या गोष्टींना तो एकटा यस्य लागतो, पूर्वार्धातच थांबतो की उत्तरार्धातही जातो, ते कारणासकट लिही. माझं उत्तर मी वेगळ्या कागदावर लिहून ठेवलं आहे. तुझं आलं की दोन्ही शेजारी ठेवून बघू.

तुझी,
आत्या