मार्गदर्शकांची भेट : विषयपत्रिका आणि टिपण

प्रास्ताविक

लघुप्रबंधाचा विषय निश्चित होऊन साहित्याचे संकलन सुरू झाले, की मार्गदर्शकांच्या भेटी सुरू होतात. नोकरी, शेती किंवा घरसंसार सांभाळून शिकणाऱ्या विद्यार्थ्याला या भेटी मोजक्याच मिळतात. अनेकदा रविवारी अभ्यासकेंद्रावर अर्धा तास, एवढाच तो अवकाश असतो. त्या अर्ध्या तासातून पुढील महिन्याच्या लेखनाची दिशा ठरावी, यासाठी भेटीपूर्वी विषयपत्रिका आणि भेटीनंतर टिपण कसे तयार करावे, हे आपण या घटकात एका उदाहरणाच्या आधारे पाहणार आहोत.

१. भेट निष्फळ का होते?

समजा, एका विद्यार्थिनीने आपल्या गावातील अकरा स्त्रियांकडून जात्यावरच्या १४० ओव्या मिळवल्या आहेत. पहिल्या भेटीत तिने तीस पानांचे हस्तलिखित मार्गदर्शकांपुढे ठेवले. ‘काम कसे चालले आहे?’ या प्रश्नाला तिने ‘चालले आहे, सर’ असे उत्तर दिले. मार्गदर्शकांनी पाने चाळली, दोन ओव्यांचे कौतुक केले आणि ‘वर्गीकरण मात्र नीट करा’ असे सांगितले. ती समाधानाने घरी परतली.

पुढील तीन आठवडे खपून तिने ओव्यांची मांडणी गाणाऱ्या स्त्रियांनुसार बदलली. दुसऱ्या भेटीत उलगडा झाला, की विषयवार वर्गीकरण मार्गदर्शकांना मान्यच होते. काही ओव्या दोन वर्गांत मोजल्या गेल्या होत्या, एवढाच त्यांचा आक्षेप होता.

यात कोणाची हयगय नव्हती. चूक होती ती भेटीच्या स्वरूपात. विद्यार्थिनीने साहित्य दाखवले, पण प्रश्न विचारला नाही. मार्गदर्शकांनी अभिप्राय दिला, पण निर्णय झाला नाही. भेट निष्फळ ठरली हे ओळखण्याची खूण सोपी आहे : अभ्यासकेंद्रातून बाहेर पडताना ‘उद्या कोणते पान उघडायचे आणि त्यात काय बदलायचे’ हे आपल्याला एका वाक्यात सांगता येत नाही.

२. विषयपत्रिका : विषयांची नव्हे, निर्णयांची यादी

पुष्कळ विद्यार्थी विषयपत्रिकेत ‘प्रकरण दुसरे’, ‘वर्गीकरण’, ‘भाषा’ असे शब्द लिहितात. हे केवळ विषयांचे मथळे झाले. त्यांवर अर्धा तास बोलूनही काहीच न ठरणे शक्य असते. म्हणून प्रत्येक मुद्दा असा लिहावा, की त्याचे उत्तर म्हणजे एक निर्णय असेल. त्यासोबत आपला प्रस्ताव आणि त्याचे कारणही द्यावे. रिकाम्या प्रश्नाला उत्तर देताना मार्गदर्शकांना सगळा विचार मुळापासून करावा लागतो; प्रस्ताव समोर असला, की तो तपासून होकार, नकार किंवा दुरुस्ती देता येते.

आपल्या विद्यार्थिनीने तिसऱ्या भेटीसाठी तयार केलेली विषयपत्रिका अशी होती :

*मागील भेटीपासून झालेले काम :* ओव्यांची विषयवार मांडणी पुन्हा केली. २३ ओव्या दोन वर्गांत बसतात.

*मुद्दा १.* भाऊ मुराळी होऊन बहिणीला माहेरी न्यायला येतो, अशा आशयाच्या ओव्या ‘माहेर’ या वर्गात घ्याव्यात की ‘भाऊ’ या वर्गात? दोन्हींत घेतल्यास बेरीज १४० ऐवजी १६३ होते. *प्रस्ताव :* प्रत्येक ओवीला एकच मुख्य वर्ग द्यावा. दुसरा वर्ग समासात नोंदवावा. मोजणी केवळ मुख्य वर्गाची करावी.

*मुद्दा २.* गाणाऱ्या स्त्रिया ‘व्हती’ म्हणतात. मी ‘होती’ असे लिहिले आहे. मूळ उच्चार ठेवावा का? *प्रस्ताव :* ओवीत उच्चाराप्रमाणे लिहावे, विवेचनात प्रमाण रूप वापरावे.

*सोबत :* दोन वर्गांत बसणाऱ्या चार ओव्यांचे एक पान.

येथे दोनच मुद्दे आहेत, हे लक्षात घ्यावे. अर्ध्या तासात दोन, फार तर तीन निर्णय नीट होतात. ज्या मुद्द्यामुळे लेखन अडले आहे, तो प्रथम घ्यावा. वेळ संपला तर मागे राहणारा मुद्दा थांबण्याजोगा असावा. तीस पानांऐवजी प्रश्नाशी थेट संबंधित एकच पान जोडावे. विषयपत्रिका भेटीच्या दोन-तीन दिवस आधी पोहोचली, तर मार्गदर्शक विचार करून येऊ शकतात.

३. भेटीतील नोंदी

मार्गदर्शकांचे प्रत्येक वाक्य उतरवून घेण्याची गरज नाही; तसे करताना ऐकणेच राहून जाते. मात्र त्यांच्या बोलण्यातील तीन प्रकार वेगळे ओळखावेत. ‘असे करा’ हा निर्णय असतो. ‘हेही पाहता येईल’ ही सूचना असते. ‘हे असे का असावे?’ ही शंका असते. अनेक विद्यार्थी सूचनेलाच आदेश समजतात आणि प्रबंधाचा विस्तार आवाक्याबाहेर नेतात. नोंद करताना समासात ‘नि’, ‘सू’, ‘शं’ अशी खूण केली, तरी हा घोटाळा टळतो.

शेवटची पाच मिनिटे राखून ठेवावीत आणि झालेले निर्णय मोठ्याने वाचून दाखवावेत. ‘मी असे समजले, हे बरोबर आहे ना?’ हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारला गेला असता, तर आपल्या विद्यार्थिनीचे तीन आठवडे वाचले असते.

४. भेटीनंतरचे टिपण

टिपण त्याच दिवशी लिहावे, कारण दुसऱ्या दिवशी निर्णय आठवतो, पण त्यामागचे कारण पुसट होते. प्रबंधात उपयोगी पडते ते कारणच. तिसऱ्या भेटीचे टिपण पाहा :

*निर्णय १.* प्रत्येक ओवीला एकच मुख्य वर्ग. *कारण :* वर्गांची तुलना करायची, तर बेरीज एकूण ओव्यांइतकीच हवी. *काम :* २३ ओव्यांचे मुख्य वर्ग ठरवणे.

*निर्णय २.* ओवीत उच्चार मूळचाच. *कारण :* बोलीचे रूप हाही पुरावा आहे. *काम :* ध्वनिमुद्रण ऐकून सर्व १४० ओव्या पुन्हा तपासणे.

*सूचना :* शेजारच्या गावातील ओव्यांशी तुलना. या प्रबंधात घेतलेली नाही.

*शंका :* मुख्य वर्ग कोणत्या निकषाने ठरवणार? पुढील भेटीचा पहिला मुद्दा.

या टिपणाची एक प्रत मार्गदर्शकांना पाठवावी. उत्तर आले नाही, तर मौनाला संमती समजू नये. पुढील भेटीच्या आरंभी तेच टिपण वाचून खात्री करून घ्यावी. शिल्लक राहिलेली शंका पुढील विषयपत्रिकेच्या शिरोभागी गेली, की दोन भेटी एकमेकींना जोडल्या जातात. शिवाय निर्णयांची ही कारणे एकत्र केली, की संशोधनपद्धतीच्या प्रकरणाचा कच्चा खर्डा हाती येतो.

५. मर्यादा

विषयपत्रिका हे भेटीचे कुंपण नव्हे. मार्गदर्शकांनी एखादा मूलभूत प्रश्न अनपेक्षितपणे उपस्थित केला, तर ठरलेले मुद्दे बाजूला ठेवून तोच ऐकावा. तसेच, प्रस्ताव मांडायचा तर आपण त्या प्रश्नाशी आधी झुंजलेले असावे लागते. प्रस्ताव सुचतच नसेल, तर कोठे अडले ते दाखवणारी दोन उदाहरणे न्यावीत. ‘मला येथे ठरवता आले नाही’ हेही प्रामाणिक विधान आहे. ‘चालले आहे, सर’ या उत्तरातून मात्र मार्गदर्शकांना काहीच कळत नाही.

स्वयं-अध्ययनासाठी कृती

१. ‘प्रश्नावलीविषयी चर्चा’ हा मुद्दा निर्णय, प्रस्ताव आणि कारण या स्वरूपात पुन्हा लिहा.

२. आपल्या मागील भेटीतील मार्गदर्शकांची पाच विधाने आठवून लिहा आणि प्रत्येकापुढे निर्णय, सूचना किंवा शंका अशी नोंद करा. ज्या विधानाचा प्रकार ठरवता येत नाही, ते पुढील विषयपत्रिकेत घ्या.